शब्दयादी पाठ आहे, तरी इफेमरल आणि युबिक्विटस वाक्यात चुकतात

अर्धविराम

जीआरईची तयारी करतेय. परीक्षेला नऊ आठवडे आहेत. यादीतले साधारण ९०० शब्द पाठ झालेत. कार्डाच्या पुढे इंग्रजी शब्द, मागे मराठी अर्थ, अशी पद्धत. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन, इफेमरल म्हणजे क्षणभंगुर, युबिक्विटस म्हणजे सर्वव्यापी. आणि काल सराव चाचणीत हे दोन्ही शब्द एकाच प्रश्नात आले आणि तोच प्रश्न चुकला.

प्रश्न सहा पर्यायांतून दोन निवडायचा होता. दोन्ही शब्द वाक्यात बसले पाहिजेत आणि दोन्ही वाक्यांचा अर्थ सारखा झाला पाहिजे. वाक्य मराठीत सांगते:

"एके काळी टेलिफोन बूथ इतके ______ होते की कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहत नसे, आज एखादा दिसला तर लोक थांबून फोटो काढतात."

पर्याय: युबिक्विटस, इफेमरल, ऑर्नेट, कॉमनप्लेस, ट्रान्झिअंट, इन्ट्रिकेट.

मी इफेमरल आणि ट्रान्झिअंट निवडले. बूथ होते आणि आता नाहीत, म्हणजे क्षणभंगुरच ना? उत्तर होतं युबिक्विटस आणि कॉमनप्लेस. युबिक्विटसचा मी विचारसुद्धा केला नव्हता, कारण सर्वव्यापी म्हटलं की माझ्या डोक्यात परमेश्वर येतो, टेलिफोन बूथ येत नाही.

सगळे सांगतात की यादी सोड, संदर्भातून शब्द शीक. पण संदर्भातून शिकायचं म्हणजे नेमकं करायचं काय? रोज वर्तमानपत्र वाचायचं? नऊ आठवड्यांत वाचून वाचून किती शब्द येणार?

---

मूळाक्षर

यादीही नको आणि वर्तमानपत्रही नको. शब्दांची मुळं शिका. युबिक्विटस लॅटिन 'उबिक्वे'वरून आलाय, त्याचा अर्थ 'सगळीकडे'. इफेमरलमध्ये ग्रीक 'एपि' आणि 'हेमेरा' आहेत. हेमेरा म्हणजे दिवस, म्हणजे एका दिवसाचं. एकदा मुळं कळली की कार्डाची गरज उरत नाही. दीडेकशे मुळं केली की हजारो शब्द फुटतात. मी असंच केलं होतं आणि मला शब्दांचा त्रास कधी झाला नाही.

---

कोपरा

माझ्या मते असे जड शब्द मुळात वापरूच नयेत. मुलीने विद्यापीठाच्या अर्जासाठी निबंध लिहिला होता. त्यात तिने सहा ठिकाणी यादीतले शब्द घातले होते. तिच्या शिक्षिकांनी ते सगळे खोडून साधे शब्द लिहायला लावले. तुम्हीही निबंधात युबिक्विटसऐवजी कॉमन लिहा, कोणी गुण कापणार नाही.

---

अर्धविराम

@कोपरा, मला हे शब्द लिहायचे नाहीयेत, वाचून ओळखायचे आहेत. परीक्षेत पर्याय म्हणून समोर येतात. पण तुमच्या मुलीला जे झालं तेच माझंही होतंय बहुतेक. शब्द माहीत आहे, पण तो कुठे शोभतो ते माहीत नाही.

@मूळाक्षर, 'सगळीकडे' हे मूळ मला माहीत असतं तर कदाचित युबिक्विटस सुचला असता, हे खरं. पण इफेमरल 'एका दिवसाचं' हे माहीत असूनही मी चुकलेच असते असं वाटतं.

---

शाईचा_डाग

बरीच वर्षं या परीक्षेचा शाब्दिक भाग शिकवलाय. तुमची चूक मला नीट उलगडून सांगावीशी वाटते, कारण ती निष्काळजीपणाची चूक नाही. पाठांतर बरोबर झालं की जी चूक हमखास होते, ती ही.

आधी प्रश्न कसा रचलाय ते बघा. सहा पर्यायांत तीन जोड्या आहेत. युबिक्विटस-कॉमनप्लेस, इफेमरल-ट्रान्झिअंट, ऑर्नेट-इन्ट्रिकेट. तिन्ही जोड्यांतले शब्द एकमेकांच्या जवळचे आहेत. म्हणजे "दोन समानार्थी शब्द शोधा" एवढीच युक्ती घेऊन गेलात तर तीन उत्तरं मिळतात आणि निवड वाक्यालाच करावी लागते. पर्याय रचणाऱ्याने प्रत्येक जोडीसाठी वाक्यात एकेक आमिषही ठेवलंय. लोक फोटो काढतात, म्हणजे बूथ नक्षीदार असतील असं वाटून कोणी ऑर्नेटकडे जातो. बूथ आता दिसत नाहीत, म्हणून कोणी इफेमरलकडे जातो.

आता वाक्य काय म्हणतं? "इतके ___ होते की कोणी वळूनही पाहत नसे." 'इतके... की' ही बिजागरी आहे. रिकाम्या जागेतला गुण हे कारण, आणि लोकांनी वळून न पाहणं हा त्याचा परिणाम. कशामुळे माणूस एखाद्या वस्तूकडे वळून पाहत नाही? ती पावलोपावली असल्यामुळे. स्वल्पविरामानंतरचा 'आज' हा त्याच्या उलट टोकाचा पुरावा. आता दिसत नाही, म्हणून नवल वाटतं. तुम्ही रिकामी जागा शेवटच्या भागावरून भरलीत. ती भरायची होती बिजागरीवरून.

पण याहून खोलवरची गोष्ट म्हणजे तुमच्या कार्डावर इफेमरलचा अर्थ अपुरा आहे. 'आता उरलं नाही' आणि 'इफेमरल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डायनोसॉर उरले नाहीत, पण ते पृथ्वीवर सोळा कोटी वर्षांहून अधिक काळ होते. त्यांना कोणी इफेमरल म्हणणार नाही. उलट मेफ्लाय नावाचा कीटक आजही आहे, त्याचा वंश डायनोसॉरांहूनही जुना आहे, आणि तो मात्र इफेमरलचं अगदी नमुनेदार उदाहरण. त्याच्या गणाचं शास्त्रीय नावच एफेमेरॉप्टेरा. पंख फुटलेला प्रौढ मेफ्लाय काही तास, फार तर एक-दोन दिवस जगतो. म्हणजे इफेमरल हा शब्द वस्तू आज आहे की नाही यावर बोलत नाही. तिचं आयुष्य मुळातच किती आखूड होतं, यावर बोलतो. टेलिफोन बूथ कित्येक दशकं उभे होते.

हे क्षणभंगुर या एका शब्दातून कळणं शक्य नव्हतं. मेफ्लाय आणि डायनोसॉर शेजारी ठेवले की कळतं. संदर्भातून शिकणं म्हणजे माझ्या लेखी हे. नुसतं भरपूर वाचणं नव्हे. एकाच शब्दाची वेगवेगळ्या जातींची तीन-चार वाक्यं शेजारी ठेवून त्याच्या सीमा शोधायच्या.

---

मूळाक्षर

मेफ्लायच्या बाबतीत एक दुरुस्ती. त्याची अळी पाण्यात कित्येक महिने, काही जातींत वर्षभराहूनही जास्त जगते. एका दिवसाचं आयुष्य ही अतिशयोक्ती आहे.

---

शाईचा_डाग

बरोबर आहे, म्हणूनच 'प्रौढ' म्हटलं. पण तुमच्या दुरुस्तीतून नकळत एक चांगला मुद्दा निघाला. इफेमरल वापरताना कोणत्या गोष्टीचं आयुष्य मोजतोय हे पक्कं असावं लागतं. वंश की एक जीव, अळी की पंखवाला कीटक.

---

रात्रपाळी

मी परीक्षा दिलेली नाही आणि देणारही नाही, पण इफेमरल हा शब्द आमच्या कामात रोज येतो. तुमचा संगणक एखाद्या सर्व्हरशी बोलायला लागतो तेव्हा तुमच्या बाजूने एक पोर्ट नंबर तात्पुरता घेतला जातो. संभाषण संपलं की तो सोडून दिला जातो. त्याला इफेमरल पोर्ट म्हणतात. त्यासाठी ४९१५२ ते ६५५३५ हे आकडे नेमून ठेवलेत. लिनक्समध्ये सहसा ३२७६८ ते ६०९९९ असतात. माझ्या मशीनवर बघायचं असेल तर मी हे लिहितो:

```
cat /proc/sys/net/ipv4/ip_local_port_range
```

मी हा शब्द शिकलो तो इथेच. त्यामुळे क्षणभंगुर हा अर्थ मला उलट फार जड वाटतो. पोर्ट संपला म्हणून कोणी हळहळत नाही. आणि तोच आकडा थोड्या वेळाने दुसऱ्या कामाला परत येतो.

---

शाईचा_डाग

@रात्रपाळी, तुमचं वाक्य मी आता शिकवताना वापरेन. दोन गोष्टी त्यात आहेत ज्या क्षणभंगुरमध्ये नाहीत. एक म्हणजे दुःख नाही. दुसरी म्हणजे परत येणं चालतं.

याच जातीचं भूगोलातलं एक वाक्य घ्या. इफेमरल स्ट्रीम म्हणजे पाऊस पडून गेल्यावर थोडा वेळच वाहणारा ओहोळ. त्याचं पात्र भूजलपातळीच्या वर असतं, त्यामुळे जमिनीखालून त्याला पाणी मिळत नाही. पाऊस थांबला की तो आटतो, पुढच्या पावसाला पुन्हा वाहतो. ऋतुभर वाहणाऱ्या प्रवाहाला वेगळा शब्द आहे, इंटरमिटंट. आता "क्षणभंगुर ओहोळ" असं मराठीत म्हणून बघा. कानाला खटकतं. क्षणभंगुर म्हटलं की मागे जीवन, देह, संसार असं काही येतं. मराठी शब्दालाही स्वतःचा संदर्भ असतो, आणि कार्डाच्या मागे तो लिहिलात की इंग्रजी शब्दासोबत तोही पाठ होतो. युबिक्विटसचं तुमचं तेच झालं. सर्वव्यापीमागून परमेश्वर आला आणि टेलिफोन बूथला त्याने आत येऊ दिलं नाही.

अर्धविराम, आता तुमच्याकडे इफेमरलची चार उदाहरणं झाली: मेफ्लाय, पोर्ट, ओहोळ, आणि सराव प्रश्नांत नेहमी येणारी कीर्ती, म्हणजे गाजलं आणि वर्षभरात विसरलं गेलं अशी. चारही ठिकाणी काय समान आहे ते तुम्हीच लिहा बघू. शब्दकोश उघडू नका.

---

अर्धविराम

प्रयत्न करते. चारही गोष्टी थोडा वेळ टिकतात. कोणी मुद्दाम संपवत नाही, त्यांचा स्वभावच तसा आहे. चांगलं-वाईट काही नाही, कीर्तीच्या वाक्यात थोडा खेद आहे पण तो वाक्याचा आहे, शब्दाचा नाही. परत येऊ शकतात.

मग टेम्पररी आणि इफेमरलमध्ये फरक काय? पोर्ट तर टेम्पररीसुद्धा आहे.

---

शाईचा_डाग

तुमचं पहिलंच उत्तर इतकं नेमकं येईल असं वाटलं नव्हतं, फार बरं वाटलं.

टेम्पररीमध्ये सहसा कोणीतरी ठरवलेलं असतं. तात्पुरती नोकरी, तात्पुरता पूल. कायमची सोय होईपर्यंतची ती व्यवस्था आहे. तो तात्पुरता पूल दहा वर्षं उभा राहिला तरी तात्पुरताच. इफेमरलमध्ये कायमच्या सोयीची वाट पाहणं नसतं. म्हणून टेम्पररी जॉब म्हणतात, इफेमरल जॉब ऐकू येत नाही. पोर्ट मधल्या पट्ट्यात पडतो, तिथे दोन्ही चालतात, तुमची शंका रास्त आहे. शब्दांच्या सीमा कुंपणासारख्या नसतात, बऱ्याच ठिकाणी त्या एकमेकांवर चढलेल्या असतात.

मी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक शब्दासाठी एक 'नापास वाक्य' लिहून घ्यायचो. जवळचा शब्द जिथे बसतो पण हा शब्द बसत नाही, असं वाक्य. ते लिहिता आलं तर शब्द आला असं धरायचं. अर्थ सांगता येणं म्हणजे शब्द येणं असं मी मानत नाही.

---

वेळापत्रक

मी वेगळं मत मांडते, कारण धाग्याचा झोका एकाच बाजूला चाललाय. मी नोकरी सांभाळून सहा आठवड्यांत तयारी केली. यादीच केली, एका शब्दाला एक अर्थ. वाक्यांच्या मागे लागायला वेळ नव्हता. शाब्दिक भागात मला हवे होते तेवढे गुण मिळाले. एका शब्दावर चार वाक्यं आणि एक नापास वाक्य असं करत बसलात तर दिवसाला पाच शब्द होतील. नऊ आठवडे म्हणजे ६३ दिवस, म्हणजे ३१५ शब्द. यादीत ९०० आहेत. उरलेल्या जवळजवळ ६०० शब्दांपैकी एखादा समोर आला तर? त्याचा अर्धामुर्धा अर्थ माहीत असणं हे अजिबात माहीत नसण्यापेक्षा चांगलं नाही का?

---

शाईचा_डाग

तुमचा हिशेब चुकीचा नाही, आणि वाचनाने आपोआप शब्द येतात या भाबड्या समजुतीपेक्षा तो बराच प्रामाणिक आहे. सहज वाचताना किती शब्द शिकले जातात यावरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा १९९९मध्ये आला होता. वाचनात भेटलेल्या अनोळखी शब्दांपैकी सरासरी १५ टक्के शब्द विद्यार्थी शिकतात, असं त्यात आढळलं. म्हणजे शंभर अनोळखी शब्द भेटले तर पंधरा. अर्धविरामने पहिल्याच पोस्टमध्ये विचारलेली शंका खरी होती. नऊ आठवड्यांत नुसत्या वर्तमानपत्राने काम होणार नाही.

त्याचं एक कारण असं की बहुतेक वाक्यं शब्दाचा अर्थ सांगायला लिहिलेलीच नसतात. बेक, मॅकिओन आणि मॅककॅस्लिन या तीन संशोधकांनी १९८३मध्ये हे फार नेटकं मांडलं होतं. काही वाक्यं थेट अर्थाकडे बोट दाखवतात. काही ढोबळ दिशा देतात. काही गप्प बसतात. आणि काही चक्क चुकीच्या दिशेला पाठवतात. "त्याने तिच्याकडे एक इफेमरल वस्तू दिली" हे गप्प वाक्य झालं. "तिची ती इफेमरल कीर्ती पाहून सगळ्यांना हेवा वाटला" हे दिशाभूल करणारं, कारण यावरून कोणीही इफेमरल म्हणजे डोळे दिपवणारं असं समजेल.

म्हणून माझा आग्रह वाचनाचा नाही, निवडलेल्या वाक्यांचा आहे. आणि ९०० शब्दांना सारखा वेळ द्यायचा नाही. अर्ध्याहून अधिक शब्द एका अर्थावर निभावतात. लोक्वेशस म्हणजे बडबड्या, तिथे चार वाक्यांची काय गरज? वेळ द्यायचा तो तीन जातींना: ज्यांच्या आसपास समानार्थींची दाटी आहे ते, ज्यांचा मराठी अर्थ दुसरीकडे ओढतो ते, आणि ओळखीचे वाटून फसवतात ते.

---

वेळापत्रक

हे पटतं. पण कोणता शब्द कोणत्या जातीचा हे नवशिक्याला आधी कसं कळणार? ते कळायला शब्द आधी यायला हवा.

---

शाईचा_डाग

चुकलेल्या प्रश्नांवरून. आधीपासून वर्गवारी करता येत नाही. सराव चाचणीत जो शब्द पाठ असूनही चुकला, तो आपोआप त्या यादीत जातो. तोवर तुमच्या पद्धतीने एका अर्थावर चालवायला माझी हरकत नाही.

---

सूक्ष्मदर्शी

युबिक्विटसकडे कोणी वळलंच नाही, म्हणून लिहिते. आमच्या विषयात युबिक्विटिन नावाचं प्रथिन आहे. १९७५मध्ये ते सापडलं तेव्हा जिथे बघावं तिथे ते मिळत होतं, म्हणून हे नाव पडलं. पेशीतल्या मोडीत काढायच्या प्रथिनांवर ते खुणेसारखं चिकटवलं जातं. याच कामासाठी २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं.

मजेशीर गोष्ट अशी की ते सगळ्याच सजीवांत नाही. केंद्रक असलेल्या पेशींत आहे, म्हणजे वनस्पती, बुरशी, प्राणी यांच्यात. जिवाणूंमध्ये ते तसं सापडत नाही. तरी युबिक्विटस हा शब्द खोटा ठरत नाही. मी हा शब्द या प्रथिनामुळे शिकले आणि त्यामुळे मला एक गोष्ट सहज कळली. युनिव्हर्सल म्हणजे एकही अपवाद नाही. युबिक्विटस म्हणजे जिथे नजर टाकाल तिथे दिसतं. दुसऱ्यात मोजदाद पूर्ण झाल्याचा दावा नाही.

पण याच शब्दाबाबत माझी आधी एक चूकही झाली होती. शाळेत असताना मी तो स्मार्टफोनवरच्या एका लेखात पहिल्यांदा वाचला आणि कित्येक वर्षं त्याचा अर्थ 'लोकप्रिय' समजत होते. तो अर्थ त्या लेखात प्रत्येक ठिकाणी बसत होता! पुढे एका शोधनिबंधात समुद्रातले प्लॅस्टिकचे बारीक कण युबिक्विटस आहेत असं वाचलं, तेव्हा धक्का बसला. ते कण कोणाला प्रिय असणार?

---

अर्धविराम

हे फार उपयोगी आहे. म्हणजे एकाच संदर्भातून शिकलं तर तीही एक प्रकारची घोकंपट्टीच. तुम्ही लेख पाठ केलात, मी कार्ड पाठ केलं.

---

शाईचा_डाग

अगदी. म्हणून वाक्यं निवडताना एक चांगलं, एक वाईट आणि एक तटस्थ गोष्टीबद्दलचं घ्या. स्मार्टफोन, प्लॅस्टिकचे कण, प्रथिन. तिन्हींत जे टिकतं तेवढंच शब्दाचं, बाकी वाक्याचं.

---

मूळाक्षर

तुम्ही सगळे इतकी वाक्यं गोळा करताय, पण मुळाने हे एका झटक्यात होतं. 'उबिक्वे' सगळीकडे. यात लोकप्रिय कुठून येईल?

---

शाईचा_डाग

या शब्दापुरतं तुमचं म्हणणं खरं आहे. मूळ माहीत असतं तर सूक्ष्मदर्शींची ती चूक झालीच नसती. लक्षात राहायलाही मुळांची फार मदत होते. पण मुळावरून अंदाज बांधायला लागलात की काय होतं ते एनर्व्हेट या शब्दावर बघा. दर वर्षी निम्मा वर्ग त्याचा अर्थ 'उत्साह देणे' सांगायचा. अर्थ आहे गळून जायला लावणे, शक्ती काढून घेणे.

---

मूळाक्षर

पण ते मूळ चुकलेलं नाही! सुरुवातीचा 'ए' म्हणजे बाहेर आणि 'नर्वुस' म्हणजे स्नायूची दोरी. दोरी काढून घेतली की माणूस गळणारच. ज्यांनी 'एनर्जी' ऐकलं त्यांनी मूळ पाहिलंच नाही, फक्त आवाज ऐकला.

---

शाईचा_डाग

हे मान्य, तुमचं स्पष्टीकरण अचूक आहे. माझी अडचण एवढीच की परीक्षेत बसलेल्या मुलाला तो आवाज आहे की मूळ आहे हे कळायला मार्ग नसतो. नॉइसमचं बघा. नॉइज ऐकू येतं, पण त्या शब्दाचा आवाजाशी काही संबंध नाही, तो अनॉयच्या कुळातला आहे, आणि अर्थ आहे घाणेरड्या वासाचा किंवा किळसवाणा. मूळ हे शब्द कळल्यावर लक्षात ठेवायला उत्तम. कळायच्या आधी अंदाजासाठी वापरलं तर वाक्याकडून तपासून घ्यायला हवं.

---

मूळाक्षर

मी तरी मुळांनाच पहिला मान देईन. तपासून घ्या, हे चालेल.

---

रात्रपाळी

एक भाबडा प्रश्न. या याद्या एवढ्या निरुपयोगी असतील तर सगळे त्याच का विकत घेतात?

---

शाईचा_डाग

एके काळी त्या परीक्षेला चपखल बसत होत्या. २०११पर्यंत जीआरईत सुटे विरुद्धार्थी शब्द विचारायचे. वाक्य नाही, काही नाही, एक शब्द आणि पाच पर्याय. तिथे एका शब्दाला एक अर्थ हे हत्यार बरोबर होतं. त्या वर्षी ते प्रश्न काढले आणि शब्दज्ञान पूर्णपणे वाक्यांच्या आत नेलं. याद्या मात्र त्याच राहिल्या. शिवाय दोन शब्द निवडायच्या प्रश्नात एक बरोबर आणि एक चूक आला तर अर्धा गुण नाही, शून्य. म्हणजे शब्द ढोबळ माहीत असण्याची किंमत तिथे जास्त मोजावी लागते. @वेळापत्रक, अर्धामुर्धा अर्थ काहीच नसण्यापेक्षा बरा, हे तुमचं म्हणणं मी खोडत नाही, पण या एका प्रकारात त्याचा फायदा कमी होतो.

---

वेळापत्रक

दोनपैकी एक शब्द पक्का माहीत असेल आणि दुसरा अर्धामुर्धा, तर मात्र जोडी जुळवता येते. माझे बरेच प्रश्न असेच सुटले. हे तुम्ही धरलं नाहीत.

---

शाईचा_डाग

हो, ते मी धरलं नव्हतं. तशा ठिकाणी चालतं.

---

अर्धविराम

काल रात्री बसून कार्डं नवीन केली. पुढे रिकाम्या जागेचं वाक्य, मागे शब्द, त्याखाली नापास वाक्य. मराठी अर्थ काढून टाकावा की ठेवावा ते ठरत नाहीये. क्षणभंगुर खोडलं आणि त्या जागी 'औटघटकेचं' लिहिलं. ते पोर्टलाही चालतं आणि कीर्तीलाही. औट म्हणजे साडेतीन, घटका २४ मिनिटांची, म्हणजे ८४ मिनिटं. मेफ्लायला अगदी शोभतं. युबिक्विटससाठी 'जिकडेतिकडे' लिहिलं. आधी 'जळी स्थळी काष्ठी पाषाणी' लिहिणार होते.

एक फरक लगेच जाणवला. पर्याय झाकून आधी रिकाम्या जागेत मराठीत आपला शब्द लिहायचा, मग पर्याय उघडायचे, असं केलं. बूथच्या प्रश्नात मी 'पावलोपावली' लिहिलं आणि मग इफेमरलकडे नजरसुद्धा गेली नाही.

तीन नापास वाक्यं तपासाल का?
इफेमरलसाठी: "हा पूल टेम्पररी आहे."
युबिक्विटससाठी: "गुरुत्वाकर्षणाचा नियम युनिव्हर्सल आहे."
ट्रान्झिअंटसाठी: "एका रात्रीसाठी उतरलेला पाहुणा इफेमरल असतो."

---

सूक्ष्मदर्शी

'जळी स्थळी' टाळलंत ते चांगलं केलंत. तो वाक्प्रचार ध्यास लागलेल्या माणसाबद्दल येतो, जिथे तिथे त्याला एकच गोष्ट दिसते. युबिक्विटस गोष्ट खरोखरच तिथे असते.

---

कोपरा

औटघटकेचं हे मला खटकतं. औटघटकेचं राज्य म्हणताना आपण त्या राजाला हिणवत असतो. ओहोळाला कोण हिणवतं? मुलीच्या बाबतीतही हेच झालं होतं, शब्दाचा अर्थ बरोबर, पण त्याचा सूर चुकला.

---

शाईचा_डाग

@कोपरा, तुमचा आक्षेप बरोबर आहे. क्षणभंगुर खिन्न आहे, औटघटकेचं हिणवणारं. 'अल्पजीवी' त्यातल्या त्यात तटस्थ, पण तो पोर्टला जरा विचित्र वाटतो. मराठी अर्थ कार्डावर ठेवावा की नाही, यावर मी स्वतःच अनेकदा मत बदललंय. सध्याचं मत असं की दोन वेगळ्या सुरांचे दोन अर्थ शेजारी लिहावेत, म्हणजे एकच एक चिकटत नाही. पण ज्यांना नुसत्या वाक्यावर भागतं त्यांनी काढून टाकला तरी चालेल.

वाक्यं: पहिलं उत्तम. दुसरंही उत्तम, तिथे युबिक्विटस घातलं तर नियम दगडासारखा जागोजागी पडलेला वाटेल. तिसऱ्यात गोंधळ आहे. नापास वाक्यात जवळचा शब्द बसायला हवा, आणि पाहुण्याला इफेमरल बसतच नाही. पाहुणा संपत नाही, तो पुढे जातो. लॅटिनमध्ये ट्रान्झिअंटच्या मुळाशी 'ओलांडून जाणे' आहे, @मूळाक्षर यांना आनंद होईल. म्हणजे ते ट्रान्झिअंटचं पास वाक्य आहे आणि इफेमरलचं नापास. कार्ड बदला.

---

अर्धविराम

बदललं. ट्रान्झिअंटला आता नापास वाक्य उरलं नाही. "मेफ्लायचं प्रौढ आयुष्य इफेमरल असतं" लिहू का? पण तिथे ट्रान्झिअंटही बसेल असं वाटतंय.

---

रात्रपाळी

आमच्याकडे वीज चालू-बंद करताना दाबात क्षणभर उसळी येते, तिला ट्रान्झिअंट म्हणतात. ती कुठेही जात नाही, तिथल्या तिथे संपते. मग 'पुढे जाणं' हा फरक कसा टिकणार?

---

शाईचा_डाग

तिथे जाणारी वस्तू उसळी नाही, अवस्था आहे असं मी समजतो. जुनी स्थिर स्थिती सोडून नवीन स्थिर स्थितीकडे जाताना मधे जे घडतं ते ट्रान्झिअंट. पण हे मी विजेच्या बाहेरून बोलतोय. अर्धविराम, मेफ्लायचं वाक्य नका घेऊ, तुमची शंका बरोबर आहे, तिथे दोन्ही बसतात. जुनी तिकिटं, पत्रकं, आमंत्रणं जपणारे संग्राहक अशा कागदांना एफेमेरा म्हणतात. तिथे ट्रान्झिअंट घालून बघा आणि काय वाटतं ते लिहा.